आईची पंचाहत्तरी आणि चार गावांची तिकिटं

सावंतवाडीच्या घरी आईची पंचाहत्तरी करायची आहे, असं धरू. थोरला दादा न्यू जर्सीत असतो. सोबत वहिनी, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. मधली ताई पुण्यात, यजमान आणि बारावीतल्या मुलाबरोबर. धाकटा बेंगळुरूला, त्याची लेक दीड वर्षाची होऊन गेलेली. दिल्लीला आत्या आणि आतोबा, दोघंही सत्तरीपुढचे. यायची इच्छा प्रत्येकाला आहे. तरीही अशा बेताचं पुढे काय होतं, ते बहुतेक घरांनी पाहिलेलं असतं. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘मग कधी जमतंय सगळ्यांना?’ चार घरांकडून चार उत्तरं येतात, ती एकमेकांना छेदतात आणि विषय थांबतो. तो पुन्हा निघेपर्यंत स्वस्त तिकिटं संपलेली असतात.

मोकळा प्रश्न विचारला की असं होतं. विमानाच्या तिकिटाला तारीख लागते, तारखेला सगळ्यांचा होकार लागतो आणि होकार देण्याआधी प्रत्येकाला आपला खर्च कळायला हवा असतो. ही गाठ सोडवायला एकाने आधी बसून गृहपाठ करावा लागतो. दोनच पर्याय, दोन्हींची भाडी, उत्तराची मुदत आणि खर्चाचा नियम एवढं एकाच निरोपात मांडलं, तर बाकीच्यांना फक्त निवड करायची उरते. या कुटुंबात ते काम ताईने घेतलं आहे. तिने ते कसं केलं, हे टप्प्याटप्प्याने पाहू. भाड्यांचे आणि खर्चाचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत.

आधी सगळ्यात अडलेलं घर

तारीख शोधताना सगळ्यांची सोय एकदम पाहायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. ज्या घराला सर्वांत कमी मोकळीक आहे, तिथून सुरुवात करायची. इथे ते घर दादाचं. मुलांच्या शाळेला दोनच मोठ्या सुट्ट्या आहेत. एक उन्हाळ्याची, जी जूनच्या उत्तरार्धात सुरू होते आणि त्यांच्या शाळेपुरती लेबर डेपर्यंत, म्हणजे २०२६ मध्ये ७ सप्टेंबरपर्यंत चालते. दुसरी नाताळ ते नववर्षाची. दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तेव्हा शाळा चालू. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, तेव्हाही शाळा चालू. म्हणजे कोकणातल्या माणसाच्या मनात पहिल्यांदा येणाऱ्या दोन्ही वेळा बाद झाल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला जून-जुलै कोकणात धुवाधार पावसाचा. ऑगस्टच्या शेवटी पाऊस असतो, पण जोर साधारणपणे ओसरू लागलेला असतो. २०२६ मध्ये राखीपौर्णिमा शुक्रवारी, २८ ऑगस्टला येते आणि पाठोपाठ शनिवार-रविवार आहे. बहीण-भावंडांनी आईजवळ जमायला याहून चांगला दिवस कुठला? आणखी एक फायदा वरवर पाहता दिसत नाही. ऑगस्टमध्ये भारतातून अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी गर्दी असते आणि त्या दिशेची भाडी चढलेली असतात. सप्टेंबर उजाडेपर्यंत ती गर्दी बरीच ओसरते. दादा २ सप्टेंबरला परतला, तर तो या गर्दीच्या मागून जातो.

दुसरा पर्याय २६ ते २९ डिसेंबर. हवा उत्तम, सगळ्यांना सुट्टी. पण त्याच आठवड्यात अमेरिकेतले असंख्य भारतीय मायदेशी येतात आणि देशभरातले लोक गोव्याला निघतात, त्यामुळे दोन्ही भाडी एकदम वर जातात. शिवाय डिसेंबरअखेर दिल्लीवर दाट धुकं असतं. सकाळची विमानं तासन्‌तास खोळंबतात. आत्या-आतोबांसाठी दुपारचंच विमान पाहावं लागेल.

विमानतळ निवडताना

सावंतवाडीला जायचं म्हणजे गोव्याचं विमान, एवढं म्हणून भागत नाही. गोव्यात दोन विमानतळ आहेत. जुना दाभोळीचा, वास्कोजवळ, दक्षिण गोव्यात. त्याचा कोड GOI. दुसरा मोप्याचा, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तिथून जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं उडतात आणि त्याचा कोड GOX आहे. मोप्याहून सावंतवाडी तासाभराच्या आत गाठता येते. दाभोळीहून निघालात तर मांडवी-झुआरी ओलांडत अख्खा उत्तर गोवा पार करायचा असतो, साधारण दोन तास धरावे लागतात. शोधताना नुसतं ‘गोवा’ टाकलं की अनेक ठिकाणी दोन्हींची विमानं एकाच यादीत येतात आणि वरचं स्वस्त विमान दाभोळीचं निघतं. माणशी ७०० रुपये वाचले म्हणून दोघांनी ते घेतलं, तर १,४०० वाचतात आणि टॅक्सीला त्याहून जास्त जातात. यादी पाहताना भाड्याआधी कोड वाचायचा.

मुंबईचंही आता तसंच झालं आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. त्याचा कोड NMI, सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळाचा BOM. परदेशातून एका विमानतळावर उतरून देशांतर्गत विमान दुसऱ्यावरून पकडायचं असेल, तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे. पोरं आणि सामान घेऊन ते करू नये. दादाचा मुक्काम काही दिवस ठाण्याला वहिनींच्या माहेरी आहे, म्हणून त्याला घाई नाही. ठाण्याहून सोयीचं कोणतं, एवढंच त्याने पाहायचं.

तिकीट कसं वाचायचं

दादाच्या प्रवासात खरी अडचण सामानाची आहे. अमेरिकेहून येताना साधारणपणे माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात. न्यू जर्सी ते मोपा असं एकच तिकीट, एकाच पीएनआरवर काढलं, तर बहुतेक वेळा तेच वजन शेवटपर्यंत लागू राहतं आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं तर पुढच्या विमानाची सोय करणं कंपनीची जबाबदारी असते. पण मुंबईत चार दिवस राहायचं ठरलं की तो वेगळा मुक्काम धरला जातो आणि मुंबई-मोपा तिकीट सहसा स्वतंत्र काढावं लागतं. त्या तिकिटावर साध्या वर्गात बहुधा पंधरा किलोच असतात. चौघांचं १८४ किलोपर्यंतचं सामान आणि परवानगी साठ किलोची. जादा किलोंचे पैसे विमानतळावर भरायचे म्हटले, तर तिकिटाइतका खर्च होऊ शकतो. उपाय साधा आहे. मोठ्या बॅगा ठाण्यातच ठेवायच्या आणि चार दिवसांचे कपडे, भेटवस्तू तेवढ्या घेऊन निघायचं. सामान न्यायचंच असेल तर कोकण रेल्वे आहे. तिचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा ती तारीख आधीच लिहून ठेवायची.

दुसरी गोष्ट भाड्याच्या पायऱ्यांची. विमानातल्या एकाच वर्गाच्या जागा कंपनी निरनिराळ्या दरांत विभागून ठेवते. सगळ्यात खालच्या दराच्या थोड्या, त्यावरच्या दराच्या आणखी थोड्या. तुम्ही चौघांसाठी एकत्र शोधलंत आणि खालच्या दरात तीनच जागा उरल्या असल्या, तर संगणक सहसा चौघांनाही वरचा दर लावतो. समजा तीन जागा ५,२०० च्या आहेत आणि पुढचा दर ६,४०० आहे. चौघांचं एकत्र तिकीट २५,६०० होईल. तिघांचं वेगळं आणि एकाचं वेगळं काढलं तर १५,६०० आणि ६,४०० मिळून २२,०००. एकाच विमानात ३,६०० रुपयांचा फरक. हे ओळखायची खूण अशी, की आधी एका प्रवाशासाठी शोधायचं, मग सगळ्यांसाठी. माणशी दर बदलला तर मध्ये पायरी आहे.

तिकिटं फोडली की दोन बंधनं मात्र पाळायची. लहान मूल नेहमी मोठ्या माणसाच्याच पीएनआरवर ठेवायचं. आणि कंपनीला कळवून दोन्ही पीएनआरची एकमेकांवर नोंद करून घ्यायची, नाहीतर विमान रद्द झाल्यावर एका तिकिटाची माणसं सकाळच्या विमानात आणि दुसऱ्याची संध्याकाळच्या विमानात जातात. दहा किंवा त्याहून जास्त माणसं एकाच विमानाने जाणार असतील, तर कंपन्या गटासाठी वेगळा दर देतात. त्यात थोडी रक्कम आधी भरून नावं नंतर देता येतात. आपल्या कुटुंबात चार गावांहून वेगवेगळी विमानं असल्याने त्याचा उपयोग नाही. एकाच गावातून वऱ्हाड निघणार असेल तेव्हा तो दर जरूर विचारावा.

तिसरी गोष्ट धाकट्याच्या लेकीच्या वयाची. दोन वर्षांखालचं मूल आईवडिलांच्या मांडीवर, थोड्या रकमेत जातं. दोन वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतःची जागा लागते. हे वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजलं जातं. या लेकीला २९ ऑगस्टला दोन वर्षं पूर्ण होतात. २७ तारखेला येताना ती मांडीवर बसेल, ३० तारखेला परतताना तिचं पूर्ण तिकीट लागेल. दोन्ही बाजूंना मांडीवरचं म्हणून काढलं, तर परतीच्या दिवशी काउंटरवर अडवतील आणि त्या दिवशीच्या दराने तिकीट घ्यावं लागेल, तेही जागा उरली असेल तर. डिसेंबरमध्ये दोन्ही बाजूंना जागा घ्यावीच लागेल.

ग्रुपवर टाकलेला निरोप

एवढा अभ्यास झाल्यावर ताईने निरोप लिहिला. तो तिने तिन्ही भावंडांच्या ग्रुपवर टाकला. आई आणि आत्या असलेल्या मोठ्या ग्रुपवर टाकला नाही. आपल्या समारंभासाठी मुलं किती पैसे मोजतात, याचा आकडा आईच्या डोळ्यांपुढे आला की ती पहिल्यांदा म्हणेल, ‘कशाला एवढा खर्च?’ आणि निवृत्त आत्याच्या तिकिटाची चर्चा दहा जणांसमोर करणं तिला अवघड वाटेल. आत्याला ताईने आधी फोन केला, तारखा विचारल्या आणि ‘तुमची तिकिटं आम्ही तिघं काढणार, भाच्यांचा हक्क आहे’ असं सांगून टाकलं. मग हा निरोप गेला:

> दादा, वहिनी, छोटू आणि सगळे,
>
> आईच्या पंचाहत्तरीची तारीख या आठवड्यात पक्की करू या. दोन पर्याय काढलेत. भाडी आज, मंगळवार ७ एप्रिलला सकाळी पाहिलेली आहेत, जाऊन-येऊन. ती बदलत राहतील.
>
> पर्याय १: राखीपौर्णिमा. सगळे एकत्र गुरुवार २७ ते रविवार ३० ऑगस्ट.
> • दादा: शुक्रवार २१ ला निघून शनिवारी २२ ला रात्री मुंबई. बुधवार २६ ला सकाळी मोपा. सोमवार ३१ ला परत मुंबई. अमेरिकेचं विमान बुधवार २ सप्टेंबर, पहाटे १.१०. म्हणजे मंगळवारी १ तारखेला रात्री विमानतळावर जायचं. माणशी अंदाजे १,०५,०००, त्यात मुंबई-मोपाचे ६,००० धरलेत.
> • छोटू: २७ ला सकाळी या, ३० ला संध्याकाळी जा. दोघांचे माणशी ८,०००. पिल्लूचे येताना १,५०० आणि जाताना पूर्ण तिकीट ४,०००. ती २९ ला दोन वर्षांची होते, विसरू नका.
> • आत्या-आतोबा: २६ ला दुपारी मोपा, ३१ ला परत. माणशी १२,०००. त्यांना तारीख चालते, मी बोलले आहे.
> • आम्ही गाडीने, आजऱ्यावरून आंबोलीमार्गे. साधारण १०,०००.
>
> पर्याय २: नाताळ. शनिवार २६ ते मंगळवार २९ डिसेंबर.
> दादाकडे माणशी १,६५,०००. छोटूकडे तिघांचे माणशी १६,०००. आत्याकडे माणशी २२,०००, आणि दिल्लीच्या धुक्यामुळे दुपारचंच विमान. आमचं तेवढंच.
>
> पर्याय २ चा प्रवास सगळ्यांचा मिळून २,८६,५०० नी महाग पडतो. पर्याय १ मध्ये पावसाची शक्यता आहे, म्हणून मुख्य कार्यक्रम शनिवारी २९ ला ठेवला आहे. कुणाचं विमान एक दिवस पुढे गेलं तरी चालेल. माझं मत पर्याय १.
>
> खर्च: आपापला प्रवास आपापला. आत्या-आतोबांची तिकिटं, मोप्याहून गाड्या, राहण्याच्या जास्तीच्या खोल्या आणि जेवणं हे सामाईक. अंदाज १,१९,०००. वाटणी माणसांप्रमाणे: बारा वर्षांवरचे पूर्ण, दोन ते बारा अर्धा, त्याखाली काही नाही. पिल्लू येताना दोनखाली आहे, म्हणून तिचं काही धरलेलं नाही. दादा ४९,०००, आम्ही ४२,०००, छोटू २८,०००. हे पटत नसेल तर आत्ताच सांगा, मला फोन केलात तरी चालेल.
>
> उत्तर: प्रत्येक घरातून एकच: ‘१’, ‘२’ किंवा ‘दोन्ही चालतील’. रविवार १२ एप्रिल, रात्री ९ पर्यंत. दादा, तुझ्याकडे तेव्हा सकाळचे ११.३०. उत्तर आलं नाही तर ‘दोन्ही चालतील’ असं धरेन. तिकिटं शनिवार १८ पर्यंत काढायची आणि काढली की त्याचा फोटो इथे टाकायचा.

या निरोपातल्या काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. पर्याय दोनच आहेत, कारण तिसरा दिला की मतं विखुरतात आणि पुन्हा चर्चा सुरू होते. वार आणि तारीख दोन्ही लिहिलेत, कारण नुसत्या तारखेत चूक झाली तर ती लक्षात येत नाही, वाराशी मेळ बसला नाही की लगेच दिसते. मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख ठळक केली आहे. तिकिटावर बुधवार छापलेला असतो, माणसं बुधवारी रात्री बॅगा घेऊन निघतात आणि विमान आदल्याच रात्री गेलेलं असतं. परदेशी विमानांच्या बाबतीत ही चूक अगदी नेहमीची आहे. मुदतीला दोन्हीकडची वेळ दिली आहे. आणि गप्प राहण्याचा अर्थ आधीच सांगून ठेवला आहे, त्यामुळे कुणाच्या उत्तरावाचून बेत अडत नाही.

दादाची सकाळ आणि आत्याची दुपार एकाच दिवशी जुळवली आहे तीही गाडीसाठी. मोप्याला तीन तासांच्या आत सहा माणसं उतरली, तर एक मोठी गाडी पुरते. तीच माणसं तीन वेगवेगळ्या वेळांना उतरली तर तीन फेऱ्या, आणि घरचं एक माणूस दिवसभर विमानतळाच्या वाटेवर.

वाटणी करताना

‘सगळे मिळून सगळा खर्च सारखा वाटू’ हे ऐकायला फार गोड वाटतं. मांडून पाहू. पर्याय १ मध्ये प्रवासाचा एकूण खर्च असा: दादाचे चौघांचे ४,२०,०००, धाकट्याचे २१,५००, आत्या-आतोबांचे २४,००० आणि ताईचे १०,०००. बेरीज ४,७५,५००. तिघा भावंडांत सारखे भाग केले तर प्रत्येकी १,५८,५००. पुण्याहून दहा हजारांत येणाऱ्या ताईने दीड लाखावर द्यायचे. कुणी तोंडाने नाही म्हणत नाही, पण पुढच्या वेळी ते घर येताना विचार करतं.

दुसऱ्या टोकाला ‘ज्याचं त्याने’ हा नियम. त्यात आत्या-आतोबांवर चोवीस हजारांचा भार पडतो आणि ज्या घरी सगळे उतरणार त्या आईच्या घरावर जेवणाखाणाचा. यजमान घर बोलत नाही, म्हणून हा खर्च बहुतेकदा कुणाच्या हिशोबात येतच नाही.

ताईने मधली रेघ ओढली. प्रत्येक घराने कुठे राहायचं हा ज्याचा त्याचा निर्णय, म्हणून तिथून येण्याचा खर्च त्याचा. शिवाय दादा या फेरीत ठाण्यालाही राहणार आहे, त्याची इतर कामंही होणार आहेत. मात्र सगळ्यांनी मिळून बोलावलेले पाहुणे आणि सावंतवाडीत एकत्र घालवायचे दिवस, यांचा खर्च सामाईक. त्याचे आकडे असे: आत्या-आतोबांची तिकिटं २४,०००, गाड्या १२,०००, खोल्या २९,०००, जेवणं आणि कार्यक्रम ५४,०००. एकूण १,१९,०००. आता भाग मोजू. दादाकडे तिघे पूर्ण आणि मुलीचा अर्धा, साडेतीन. ताईकडे तीन. धाकट्याकडे दोन. मिळून साडेआठ. एका भागाला १४,००० रुपये येतात, आणि त्यावरून निरोपातल्या रकमा निघाल्या.

सावंतवाडीतला खर्च सगळा रुपयांतच होणार, म्हणून वाटणीही रुपयांतच ठेवायची. डॉलरमध्ये बोललं की विनिमय दराचा वाद मध्ये येतो. अर्धी रक्कम तिकिटं काढतानाच एका खात्यात जमा करायची, कारण आत्याची तिकिटं आणि खोल्यांची आगाऊ रक्कम लगेच द्यावी लागते. एकट्या ताईने पदरचे घालून नंतर मागत बसणं तिलाही नको असतं आणि देणाऱ्यांनाही.

अनेक घरांत परदेशातलं भावंड म्हणतं, ‘सगळं मीच करतो.’ ते प्रेमाने म्हटलेलं असतं आणि ते नाकारू नये, पण सगळं घेऊही नये. ज्याने सगळे पैसे दिले त्याच्यासमोर बाकीच्यांना कार्यक्रमाबद्दल मत मांडायला संकोच वाटतो. अशा वेळी एक ठराविक गोष्ट त्याच्या नावावर करावी. इथे दादाने खोल्यांचे २९,००० आपल्याकडे घेतले तर सामाईक खर्च ९०,००० उरतो, बाकीच्यांचा भार हलका होतो आणि प्रत्येकाचा वाटा शिल्लक राहतो.

तिकीट काढताना आणि नंतर

तिकीट ज्याने-त्याने काढावं, नाव मात्र ओळखपत्र समोर ठेवून टाकावं. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन नावं असतात. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असंही असतं. प्रवासात जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचंच नाव तिकिटावर हवं. दुसऱ्याच्या नावावर तिकीट करून देता येत नाही, तेव्हा ताईने आत्याचं तिकीट काढताना आधी तिच्या आधार कार्डाचा फोटो मागवला. दादाने मुलांचे पासपोर्ट पाहायचे. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि भेटीच्या वर्षीच तो संपत असल्याचं तिकीट काढल्यावर लक्षात येतं. आतोबांना चालण्याचा त्रास असेल तर व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करावी, निदान प्रवासाच्या ४८ तास आधी तरी.

तिकीट निघालं की त्याच संध्याकाळी ते पुन्हा वाचायचं: नाव, वार, कोड, सामान. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचं तिकीट निदान सात दिवस आधी थेट कंपनीकडून काढलेलं असेल, तर अमेरिकी नियमानुसार २४ तासांत ते विनाशुल्क रद्द करता येतं किंवा कंपनी तेवढा वेळ भाडं राखून ठेवते. भारतातही तिकीट काढल्यानंतर असा विनाशुल्क काळ मिळतो. त्याच्या अटी तिकीट काढताना वाचून घ्याव्यात. चूक सापडायची ती त्या मुदतीतच सापडली पाहिजे.

तरीही एखाद्याचं येणं रद्द होऊ शकतं. तिकीट ‘परतावा नाही’ असं असलं तरी न केलेल्या प्रवासाचे कर आणि विमानतळाची शुल्कं भारतातल्या नियमाप्रमाणे परत मिळतात. कंपनीला मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांहून जास्त रक्कम कापता येत नाही. ते पैसे मागायला लोक विसरतात. विमान कंपनीनेच रद्द केलं तर पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान मागता येतं, आणि तेव्हा फोडलेल्या दोन्ही पीएनआरसाठी एकच विमान मागायचं.

सामाईक वाट्याचं काय करायचं, हेही तिकिटं काढण्याआधी बोलून घ्यावं. या कुटुंबाने असं ठरवलं: कामामुळे किंवा मन बदलल्यामुळे कुणी आलं नाही, तर जुलै संपल्यानंतर त्याचा वाटा परत मिळणार नाही, कारण खोल्या आणि स्वयंपाक तोवर ठरलेला असेल. आजारपणामुळे आलं नाही, तर त्याचा वाटा उरलेले उचलतील, आणि रद्द तिकिटाचं जे नुकसान होईल तेही तिन्ही घरं वाटून घेतील. दुसऱ्या वाक्याला दादाने सगळ्यात आधी होकार दिला. सर्वांत महाग तिकिटं त्याची आहेत आणि ऐनवेळी मूल आजारी पडलं तर सर्वांत मोठा फटका त्यालाच बसणार आहे. जो सर्वांत लांबून येतो, त्याच्या जोखमीत घरातले सगळे सहभागी आहेत, हे त्याला तिकिटाचं बटण दाबण्याआधी कळलेलं असणं, हा वाटणीतला सगळ्यात मोलाचा भाग आहे.